सोनबाचा लांब टाका

सोनबा सकपाळ लढाईवरून परत आला तेव्हा उमरठच्या वरच्या वाडीला वाटलं, हा काहीतरी घेऊन येईल. तलवार नाही तर निदान एखादं घड्याळ. त्याने आणला एक लंगडा पाय, उजव्या हाताची दोन आखडलेली बोटं आणि टोकाला आकडी असलेली एक पोलादी सुई.

बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी त्याला गोळ्या लागल्या होत्या. मुंबईच्या इस्पितळात तो सात महिने पडून होता. तिथल्या मडमेने त्याच्या हातात ती सुई आणि सुताचा गुंडा दिला आणि सांगितलं, बोटं हलवत राहा, नाहीतर त्यांची लाकडं होतील. सोनबाने हुकूम म्हणून ऐकलं. पहिल्या महिन्यात साखळी, दुसऱ्यात साधा टाका. सातव्या महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या शीख सुभेदाराने स्वतःच्या पोरासाठी त्याच्याकडून टोपी करून घेतली.

वाडी पोट धरून हसली.

"तुर्क मारायला गेला नि बायकांचं काम शिकून आला," वाडीचा कारभारी दत्ताराम चारचौघांत म्हणाला.

पण पौषात वरच्या वाडीला थंडी पडते ती हाडाला लागते. मग दत्ताराम सोनबाच्या अंगणाच्या कडेला येऊन उगाच खोकायचा. सोनबाला कळायचं. तो दोरी घेऊन उठायचा आणि दत्तारामच्या डोक्याचं माप घ्यायचा. पंधरा वर्षांत वाडीतला एकही कान उघडा राहिला नाही. हसणंही थांबलं नाही. लोक टोपी कानावर ओढून हसायचे.

टोपीच्या कानावरच्या पट्टीत सोनबा लांब टाके घालायचा. नेहमीचा टाका मागच्या ओळीच्या डोक्यात घालतात. लांब टाक्याला सुई त्याच्याही खाली, झालेल्या कामात दोन-तीन ओळी आत खुपसायची, तिथून दोरा वर आणायचा आणि टाका पुरा करायचा. त्यामुळे दोन रंगांची नक्षी दिसते आणि पट्टी जाड होते. वारा आत शिरत नाही. सोनबाला नक्षीचं कौतुक नव्हतं, वारा अडतो एवढं त्याला पुरे होतं.

हे काम त्याच्याकडून एकच माणूस शिकलं. त्याची मुलगी आवडी.

आवडीला महाडजवळच्या नाते गावात दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिसऱ्या वर्षी त्याने तिकडे दुसरा घरोबा केला. आवडी माहेरी आली. वर्षभर कोणी विचारलं नाही. मग होळीनंतर तिचा सासरा येसाजी उमरठला आला, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायला आणि म्हणाला, "पेरणीआधी पोरीला पाठवा. आवंदा गडी मिळत नाय."

"आन् तुमचा मुलगा?" सोनबाची बायको राहीबाई चुलीपासून बोलली.

"तो येतोय नव्या बायकोला घेऊन. पोटुशी हाय ती. तिच्यानं चिखलात उतरवत नाय. म्हणून तर आवडी पायजे."

एवढं सरळ बोलणारा माणूस समोर बसला की भांडायला तोंड राहत नाही. राहीबाईचंही राहिलं नाही, आणि हे वाडीत पहिल्यांदाच घडलं. पंचांत बोलावं तर येसाजीचं पारडं जड. लग्नाची सून, नांदवायला तयार आहेत, मग तक्रार कसली? पेरणीपर्यंत आवडीला दुसरं काही ठिकाण मिळालं नाही, तर ती सवतीचं बाळंतपण आणि सासऱ्याची भातलावणी करायला नात्याला जाणार होती.

अशात महाडहून निरोप आला.

पोलादपूर-महाड बैलगाडी हाकणारा कुशाबा महाडला वकिलांच्या घरी तांदूळ उतरवत होता. त्याच्या डोक्यावर सोनबाची टोपी होती. वकिलीणबाई, चंद्रभागाबाई, त्याच्या कानाकडे पाहत राहिल्या. कुशाबाला वाटलं, कानाला काही लागलंय.

"ही टोपी कोणी विणली?"

"आमच्या उमरठच्या सोनबानं."

"सोनबानं की त्याच्या बायकोनं?"

"बायको त्याची फकस्त बोलते, बाई."

चंद्रभागाबाई महाडच्या भगिनी कला मंडळाच्या अध्यक्षा होत्या. मंडळात अकरा जणी होत्या. एक अध्यक्षा, एक उपाध्यक्षा, एक चिटणीस, एक सहचिटणीस, एक खजिनदार आणि सहा सल्लागार. विणणारीची जागा अजून कोणी भरली नव्हती. चैत्रात मुलींच्या शाळेत समारंभ ठरला होता आणि पुण्याहून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांच्या चहाच्या तबकावर घालायला चंद्रभागाबाईंनी विलायती मासिकातलं एक चित्र निवडलं होतं. पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा रुमाल, आणि प्रत्येक पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात उतरलेले लांब टाके. चित्राखालचं इंग्रजी वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं होतं. वकीलसाहेबांना त्यातलं इंग्रजी समजलं, विणकाम समजलं नाही. बाईंचं बरोबर उलट झालं असतं तर बरं होतं. पण त्यांनाही विणकाम समजलं नाही. आता तेच टाके कुशाबाच्या कानावर होते.

सोनबा आणि आवडी कुशाबाच्या गाडीतून महाडला गेले. वकिलांच्या ओटीवर सोनबाने चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "हां. तीन ओळी खाली."

"हे तुम्ही करता? पुरुषमाणूस?"

"व्हय."

"मग पंचाईत आहे. आमचं मंडळ भगिनींचं. पुरुषाच्या हातची वस्तू तिथं कशी ठेवायची?"

"पोर करंल."

"तिला येतं?"

"माज्यापेक्षा जरा कमी."

"जरा म्हणजे किती?"

"म्हंजे पुष्कळ येतं, बाई."

चंद्रभागाबाईंनी आवडीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, शाळेत विणकाम शिकवणाऱ्या बाईची जागा निघणार आहे. शिफारस मंडळाची लागते आणि हो म्हणायचं तपासनीस बाईंनी. रुमाल पसंत पडला तर मंडळ आवडीचं नाव पुढे करील. रुमाल अर्थात मंडळाच्या नावावर राहील.

"म्हंजे कुनाच्या?" आवडीने विचारलं.

"अध्यक्षांच्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. मंडळाचं नाव एवढं मोठं, ते धरायला कोणीतरी पुढे व्हावंच लागतं, असा त्यांचा चेहरा होता.

आवडीने हो म्हटलं. तिला जागा हवी होती, नाव नको होतं.

सुताचे गुंडे घेऊन दोघं परतली आणि काम सुरू झालं. रुंदीला सत्त्याण्णव टाके. पांढऱ्या चार ओळी, मग तांबड्या चार, पुन्हा पांढऱ्या चार, असे छत्तीस पट्टे. नवा रंग लागला की त्याच्या पहिल्या ओळीत लांब टाके यायचे. एक साधा टाका. दुसऱ्याला सुई एक ओळ खाली, तिसऱ्याला दोन ओळी, चौथ्याला तीन. मग परत दोन, एक. पुन्हा साधा. असं ओळभर गेलं की वरच्या रंगाचे उलटे डोंगर खालच्या रंगात उतरतात. उरलेल्या तीन ओळी साध्या.

सांगायला एवढंच आहे. करायला सोनबाच्या समोर बसावं लागायचं.

"सुई सरळ खाली टोच. एक घर बाजूला गेलीस, डोंगर कलला."

आवडी टोचायची.

"अंगठा ठेव खाली. जिथं टोचलंस तिथं दाबून धर. आता दोरा आण वर. आण. आण. थांब."

"थांबले."

"कुठं थांबलीस?"

"वरच्या ओळीच्या डोक्याशी."

"डोक्याच्या खाली थांबलीस. गव्हाएवढी. उसव."

लांब टाक्याचा फास चालू ओळीच्या उंचीपर्यंत यायलाच हवा. कमी आणला तर तो खालच्या ओळींना वर खेचतो, कापड तिथे गोळा होतं आणि मग ते बापजन्मात सपाट होत नाही. जास्त आणला तर टाका सैल लोंबतो आणि बांगडीत अडकतो. आणखी एक गोष्ट, जी घाईत सगळे विसरतात. लांब टाका मागच्या ओळीच्या ज्या टाक्याच्या डोक्यावरून जातो, तो टाका तसाच सोडून द्यायचा. त्यात पुन्हा विणलं की ओळीत एक टाका वाढला. असे पाच-दहा वाढले की कड केळीच्या कोवळ्या पानासारखी लाटा मारायला लागते.

म्हणून सोनबा दर ओळीला मोजायला लावायचा. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव झाले की "उसव". शहाण्णव झाले तरी "उसव". दर पट्टा झाला की कापड पाटावर पसरायचं आणि स्वतः जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून पाटाच्या कडेने पाहायचा, बंदुकीचा नेम धरावा तसा. कुठे फुगवटा दिसला की तिथे बोट ठेवायचा.

"या माणसाला दोनच शब्द येतात," राहीबाई म्हणाली. "जेवताना 'वाढ' आन् बाकी येळेला 'उसव'. माझं लगीनपण उसवलं असतं यानं, पण मोजायला सत्त्याण्णव बायका नव्हत्या."

"तुझे टाके सैल हायत," सोनबा म्हणाला. "उसवायची गरज नाय, आपोआप सुटतात."

आवडीने एकदा दहावा पट्टा अख्खा उसवला. संध्याकाळी बोटं चुरचुरत होती. ती म्हणाली, "आबा, महाडच्या बाईंना गव्हाएवढं दिसनार हाय का?"

"दिसनार नाय."

"मग?"

"मग काय? विण."

हात पंधराव्या पट्ट्यापाशी बसला. मग अंगठा आपोआप खाली जायला लागला, दोरा आपोआप जागेवर थांबायला लागला. विसाव्या पट्ट्याला सोनबाने गाल जमिनीला लावला, पाहिलं आणि 'उसव' न म्हणता उठला. राहीबाईने ते पाहून आवडीला तूप वाढलं.

चोविसावा पट्टा झाला त्या दिवशी कुशाबा निरोप घेऊन आला. रुमाल असेल तसा घेऊन या.

चंद्रभागाबाईंची अडचण वेगळीच होती. मंडळात त्यांनी सांगून टाकलं होतं की रुमाल मी विणते आहे. आता त्यांना झोप लागत नव्हती. "मी आयुष्यात खोटं बोलले नाही," त्या आवडीला म्हणाल्या. "माझा हात लागल्याशिवाय हा माझा म्हणणं बरं नाही. शेवटचे बारा पट्टे मी करीन."

काही माणसं खोटं टाळण्यासाठी एवढे कष्ट घेतात की त्यापेक्षा खोटं बोललेलं स्वस्त पडावं.

आवडी म्हणाली, "बाई, एक दाखवते. दोरा वरच्या डोक्याशी आनून थांबायचं. आन् मागचा टाका..."

"मला नको शिकवूस गं. सातव्या वर्षापासून वाती वळते मी. सैल हाताचा संसार सैल, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. माझी वात कधी सुटली नाही."

वातीला जो हात लागतो तोच त्यांनी रुमालाला लावला. प्रत्येक लांब टाका ओढून घट्ट केला. मागचा टाका कधी सोडला, कधी सोडला नाही, आठवेल तसं. बारा पट्टे पुरे झाले तेव्हा एका ओळीत एकशे अठरा टाके होते. मध्ये कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालेलं आणि कडेला लाटा. आवडीचे चोवीस पट्टे पाटासारखे पडलेले आणि पुढचा भाग कोबीच्या गड्ड्यासारखा.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी भाताची दाट पेज काढली, गाळली आणि रुमालाला खळ दिली. मग धोब्याला बोलावून निखाऱ्यांची इस्त्री दाबून फिरवायला लावली. तीनदा. रुमाल पापडासारखा कडक आणि सपाट झाला. उभा धरला तर उभा राहायचा.

समारंभाच्या दिवशी सोनबा शाळेच्या पडवीत बसला होता. आत जायची पुरुषांना मनाई होती, मंडळाचे पतीसुद्धा पडवीतच होते. खिडकीतून दिसत होतं. आवडी आत भिंतीला टेकून उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हात पदराखाली.

मुलींनी स्वागताचं पद म्हटलं. उपाध्यक्षा बोलल्या, सहचिटणीस बोलल्या, सल्लागारांपैकी चौघी बोलल्या. मग चहा आला. तबकावर रुमाल, रुमालावर किटली. तपासनीस बाईंनी रुमालाकडे पाहून मान हलवली. चंद्रभागाबाईंनी स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि नजर तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावर असल्यामुळे अर्धा तबकात ओतला.

गरम चहा पेजेच्या खळीला लागला. पहिल्यांदा काही झालं नाही. मग खळ मऊ झाली आणि रुमालाला आपलं मूळ आठवलं. कोपरा उठला. मग कड उठली. मग मधला भाग हळूहळू पाठ वर काढायला लागला, झोपलेलं मांजर उठावं तसा. किटली एका बाजूला कलली. आवडीचे चोवीस पट्टे ओले होऊन जिथल्या तिथे पडून राहिले.

सगळं मंडळ किटलीकडे पाहत होतं.

"हे काय आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

चंद्रभागाबाई वकिलाच्या बायको होत्या. घरात रोज पुराव्याविरुद्ध बोललेलं ऐकत होत्या. "हे उठावाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "ओलावा लागला की नक्षी वर येते."

तपासनीस बाई बावीस वर्षं शाळा तपासत होत्या. त्या बावीस वर्षांत "मला माहीत नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. आज सुरुवात करायचं कारण नव्हतं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "विलायतेत हल्ली यावरच भर आहे." मग चष्मा सावरून त्यांनी रुमालाच्या दुसऱ्या टोकाला बोट लावलं. "पण मग हा भाग असा चपटा का?"

पडवीत सोनबा उठून उभा राहिला.

"तो एका शिकाऊ मुलीनं केलाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांनी आवडीकडे पाहिलं नाही. "हात अजून तयार झालेला नाही तिचा."

"ही का ती? विणकामाच्या जागेसाठी जिचं नाव आहे?"

"तीच."

"हिला उठाव येत नसेल, तर मुलींना काय शिकवणार ही?"

सोनबा दारापर्यंत आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बाई, कापड सपाट पडलं पायजे. नाय पडलं तर तो टाका..."

"हे कोण?"

"मुलीचे वडील," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "सोनबा, तुम्ही पुरुषमाणसांनी यात बोलू नये."

पडवीतल्या पतींनी माना डोलावल्या. त्यांना हे पाठ होतं.

आवडी भिंतीपासून पुढे आली. तिने बापाकडे पाहिलं. मग तपासनीस बाईंना म्हणाली, "मला आकडी द्या आन् दोरा. करून दावते."

सोनबाला वाटलं, पोर सरळ काम करून दाखवणार आणि हरणार. तरी त्याला बरं वाटलं. खाली बसून तो तिच्या बोटांकडे पाहायला लागला.

तिने एकतीस टाके घेतले. पांढऱ्या चार ओळी झाल्या. सोनबाने उंबऱ्याबाहेरून मोजल्या. मुली तोवर दुसरं पद म्हणत होत्या. तांबडा दोरा लागला. साधा टाका, एक ओळ खाली, दोन ओळी खाली, सगळं बरोबर. तीन ओळी खाली सुई गेली, सरळ गेली, अंगठा खाली गेला, दोरा वर यायला लागला. आणि डोक्याच्या एक ओळ आधी थांबला.

सोनबाने डोळे मिटले. त्याला वाटलं, घाबरली. पण उघडले तेव्हा पुढचा टाकाही तसाच होता. दोन ओळींचे टाके बरोबर, तीन ओळींचा प्रत्येक टाका एक ओळ आखूड. त्यात एकही कमी-जास्त नाही. मागचा टाका दर वेळी सोडत होती. मग त्याला कळलं. पोरगी वाईट काम करत होती आणि ते चोख करत होती.

आठ ओळी झाल्यावर तिने तुकडा तपासनीस बाईंच्या हातात ठेवला. कडा सरळ, टाके एकतीसचे एकतीस. आणि प्रत्येक डोंगराच्या टोकाशी कापड एकाच मापाने वर आलेलं. पाच टेंगळं, ओळीत, दाणे मोजून ठेवल्यासारखी.

"वा," तपासनीस बाई म्हणाल्या. "हा उठाव तर त्याहून नेटका आहे."

"माझ्याच हाताखाली तयार होतेय ती," चंद्रभागाबाई लगेच म्हणाल्या. शिकाऊ मुलीचा हात तयार व्हायला एवढाच वेळ लागला, मुलींच्या एका पदाएवढा.

तपासनीस बाईंनी शेरेबुकात लिहिलं: उठावाचे काम विशेष उल्लेखनीय. खाली आवडीच्या नावापुढे "योग्य". आवडीला सही करता येत होती. तिने केली.

परतताना गाडी गांधारी नदी ओलांडून गेली तरी सोनबा बोलला नाही. कुशाबाने दोनदा विचारलं, जागा मिळाली का. आवडीने दोनदा सांगितलं, मिळाली. कुशाबाला वाटलं कोणी वारलंय.

शेवटी सोनबा म्हणाला, "किती कमी आणलास?"

"एक ओळ. तिनाच्या टाक्याला."

"सगळ्या?"

"सगळ्या. मोजून."

सोनबा बैलांच्या शेपट्यांकडे पाहत राहिला. "मडम असती तर रडली असती."

"मडमेला नात्याला लावनी करायची नव्हती, आबा."

सोनबाने आखडलेली बोटं चोळली. मग तो म्हणाला, "तुकडा कुठं हाय?"

"बाईंनी ठेवला. काचंत बसवनार हायत."

"आण. उसव."

"आता तो सरकारी झाला," आवडी म्हणाली. कुशाबा हसला, मग सोनबाचं तोंड पाहून त्याने बैलांना हाक दिली.

पेरणीआधी येसाजी नात्याहून आला. राहीबाई या वेळी दारातच बसली होती. "तुमची सून शाळंत मास्तरीण झाली," ती म्हणाली. "तिला न्यायची तर शाळेचा हुकूम आना. पुन्याच्या बाईंची सही लागते. सहा म्हयनं तरी लागतील, तवर तुमची लावनी व्हऊन जाईल." येसाजी परत गेला. त्या वर्षी नवी सून बाळंत होऊन महिन्याने चिखलात उतरली. त्याबद्दल राहीबाईला वाईट वाटलं. तिने नात्याला एक कानटोपी पाठवली, बाळासाठी. कोणी विणली ते सांगितलं नाही.

आवडी महाडला राहिली. शाळेमागच्या एका म्हाताऱ्या बाईकडे खोली होती. पहिल्याच आठवड्यात तिने मुलींना सांगितलं, अंगठा खाली, दोरा डोक्याशी, मागचा टाका सोड. मोजा. चुकलं की उसवा. सोनबा दर पंधरवड्याला बाजाराच्या निमित्ताने यायचा, पडवीत बसायचा आणि मुली घरी गेल्या की त्यांचे तुकडे पाहायचा. चुकलं असेल तिथे बोट ठेवायचा. आवडी त्या जागी खूण करून ठेवायची.

दिवाळीनंतर चंद्रभागाबाई वर्गावर आल्या. बाकांवर वीस तुकडे पसरलेले होते, एकूणएक सपाट. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आवडे, उठाव कुठाय?"

आवडीने याचा विचार आधीच करून ठेवला होता. "बाई, उठाव ही लई वरची विद्या. आधी तीन वर्सं सपाट यायला पायजे. तुमच्यासारक्या हाताला बारा पट्ट्यांत जमलं. या लेकरांना कसं जमंल?"

चंद्रभागाबाईंनी आठी सोडली. मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला की उठावाचे काम चौथ्या वर्षी शिकवावे, आणि तेही हात पारखून. आपली कला एवढी अवघड आहे हे त्यांना स्वतःलाही तोपर्यंत माहीत नव्हतं.

ठराव सोयीचा निघाला. महाडच्या आणि भोवतालच्या गावांतल्या मुली दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्षी लग्न होऊन जायच्या. सासरी जाताना सपाट विणकाम घेऊन जायच्या. तुडीलच्या घरांत, बिरवाडीच्या घरांत देवाच्या चौरंगावर पांढरे-तांबडे रुमाल दिसायला लागले. एकाचाही कोपरा उठलेला नसे. काचेत बसवलेला तो तुकडा शाळेच्या भिंतीवर होता आणि पाहुणे आले की चंद्रभागाबाई त्याच्यासमोर उभ्या राहायच्या.

सहा वर्षांत चौथ्या वर्षापर्यंत पोचली एकच मुलगी. चांगू शेटची बनू. पाय अधू म्हणून तिचं लग्न लांबलं होतं. आवडीला ठराव पाळणं भाग होतं. तिने बनूला भिंतीजवळ नेलं, काचेतली पाच टेंगळं दाखवली आणि ती कशी येतात ते सांगितलं. दोरा एक ओळ आखूड ठेवायचा.

बनूने काचेवर बोट ठेवून एकेक टेंगूळ पाहिलं.

"बाई, पण हे तर चुकलंय."

"व्हय."

"मुद्दाम करायचं?"

"परीक्षेपुरतं," आवडी म्हणाली. "करून दाखव. मग उसव."